अन्यायकारक रिव्ह्यूला उत्तर देताना या चुका टाळा

माझी धाकटी बहीण साताऱ्यात ब्लाउज शिवण्याचे छोटे दुकान चालवते. मागच्या लग्नसराईत गूगल मॅप्सवर तिच्या दुकानाला एक तारा मिळाला आणि त्याखाली लिहिले होते : "ब्लाउज वेळेवर दिला नाही, इतका घट्ट की घालता आला नाही आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले. फसवणुकीचा धंदा आहे. चुकूनही जाऊ नका." त्याच रात्री तिने लिहिलेले उत्तर सुदैवाने पाठवण्यापूर्वी मला दाखवले : "मॅडम, खोटे बोलू नका. माप तुम्हीच दिले होते. तुमचे वजन वाढले त्याला आम्ही काय करणार? पैसे पावतीप्रमाणेच घेतले आहेत."

तिचा संताप मला रास्त वाटला होता आणि आजही वाटतो. तरी या चार वाक्यांत एवढ्या चुका होत्या, की ते उत्तर प्रसिद्ध झाले असते तर मूळ रिव्ह्यूपेक्षा त्यानेच दुकानाचे जास्त नुकसान केले असते.

नोंद न पाहता उत्तर लिहिणे

अन्यायकारक रिव्ह्यू सहसा पूर्णपणे खोटा नसतो. त्यात एखादी गोष्ट खरी असते, एखादी चुकीची असते आणि उरलेला भाग रागाचा असतो. या तिन्हींना एकच उत्तर दिले की खरी गोष्टही नाकारली जाते. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पावतीपुस्तकातील कार्बन प्रत काढली आणि रिव्ह्यूतील एकेक विधान तिच्याशी ताडून पाहिले.

ब्लाउज 14 मे रोजी देण्याचे कबूल केले होते आणि तो 15 मे रोजी संध्याकाळी दिला होता, म्हणजे उशिराची तक्रार खरी होती. दराच्या रकान्यात "अस्तरासह 650" असे लिहिलेले होते आणि तेवढेच पैसे घेतले होते; ग्राहकाच्या लक्षात बहुधा बिनअस्तराच्या ब्लाउजचा 400 रुपयांचा दर राहिला असावा. अंगावर माप घेतलेले नव्हते, "मापाच्या ब्लाउजवरून" अशी नोंद होती. मात्र बहीण बाजूच्या शिवणींत नेहमी माया ठेवते, त्यामुळे तो ब्लाउज उसवून सुमारे दोन इंच सैल करता येणार होता. रागाच्या भरात लिहिलेल्या उत्तरात उशिराचा उल्लेखच नव्हता आणि सैल करून देण्याचाही नव्हता, म्हणजे कबूल करण्याजोगी आणि देण्याजोगी अशा दोन्ही गोष्टी त्यातून सुटल्या होत्या.

रिव्ह्यू लिहिणाऱ्याचे नाव पावत्यांत सापडले नाही, तरी "हा ग्राहक खोटा आहे" असे लिहू नये, कारण अनेकांच्या खात्याचे नाव वेगळे असते किंवा पावती घरातील दुसऱ्या कुणाच्या नावावर असते. "या नावाची नोंद आम्हाला सापडली नाही, कृपया पावती क्रमांक घेऊन दुकानात यावे किंवा फोन करावा" एवढेच पुरते.

व्यक्तीविषयी बोलणे आणि अर्धवट माफी

वजनाविषयीचे वाक्य अपमानकारक तर होतेच, शिवाय ग्राहकाने स्वतः जाहीर न केलेली गोष्ट त्यातून जाहीर होणार होती. शिंप्याच्या वहीत लोकांची मापे, फोन क्रमांक आणि समारंभाच्या तारखा असतात. त्यांतील काहीही उत्तरात आले, की वाचणाऱ्या प्रत्येक बाईला आपले मापही उद्या असेच चारचौघांत येईल अशी भीती वाटणार. पावतीचा फोटो उत्तरादाखल कुठेही टाकू नये, तो याच कारणासाठी.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे "आपली गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत" हे वाक्य. त्यातील "असल्यास" या शब्दाने माफीही धड मागितली जात नाही आणि आरोपही धड नाकारला जात नाही. चूक झाली असेल तर ती तारखेसह मान्य करावी आणि झाली नसेल तर त्या मुद्द्यावर माफी मागूच नये. नम्रपणा आणि ठामपणा एकाच उत्तरात कसे बसवायचे, हा प्रश्न मला बराच वेळ अवघड वाटत होता. ते दोन वेगवेगळ्या मुद्द्यांना लागू होतात, हे लक्षात आल्यावर तो सुटला. "मॅडम" गाळून "आपण" वापरल्यावर सूरही बदलला.

शेवटी प्रसिद्ध केलेले उत्तर असे होते :

"नमस्कार. आपला ब्लाउज 14 तारखेला देण्याचे आम्ही कबूल केले होते आणि तो 15 तारखेला दिला. ही चूक आमची आहे आणि तिच्याबद्दल आम्ही क्षमा मागतो. दर मात्र ठरल्यापेक्षा जास्त घेतलेला नाही. अस्तराच्या ब्लाउजचे 650 रुपये कापड घेतानाच पावतीवर लिहून दिले होते आणि तेवढेच घेतले. ब्लाउज आपण दिलेल्या मापाच्या ब्लाउजवरून शिवला आहे. आत माया असल्याने तो सैल करता येईल; पावतीसह आणल्यास शिलाई न घेता दोन दिवसांत करून देऊ. फसवणुकीचा आरोप आम्हाला मान्य नाही."

चूक कबूल करण्याचे वाक्य आधी असल्यामुळे पुढचा नकार विश्वासार्ह वाटतो. फसवणुकीचा आरोप नाकारणारे वाक्य एकच आणि विशेषणाविना आहे. त्याच्यापुढे "तरीही" म्हणून आणखी काही जोडले असते, तर ते लगेच भांडण वाटले असते.

रिव्ह्यू हटवण्याच्या मागे लागणे

दुकानदाराला रिव्ह्यू स्वतः हटवता येत नाही, फक्त त्याची गूगलकडे तक्रार करता येते. शिवीगाळ, छळ, वैयक्तिक माहिती, विषयाशी संबंध नसलेला मजकूर, प्रतिस्पर्ध्याने किंवा कामावरून गेलेल्या माणसाने लिहिलेला मजकूर अशा नियमभंगासाठी ती तक्रार असते. पैसे किती ठरले होते यासारख्या वादात गूगल कुणाची बाजू खरी हे ठरवत नाही, म्हणून आमच्यासारख्या प्रकरणात तक्रारीच्या निकालाची वाट पाहत उत्तर रोखून धरण्यात अर्थ नव्हता.

"रिव्ह्यू काढा, पैसे परत देतो" असे सांगणेही गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि तो संदेश स्क्रीनशॉट होऊन पुढच्या रिव्ह्यूत दिसू शकतो. सैल करून देण्याच्या तयारीला आम्ही रिव्ह्यूबाबतची कोणतीही अट घातली नाही, ती याचसाठी. नातेवाइकांकडून पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू लिहवून घेणे हाही नियमभंगच आहे.

एकदा उत्तर देऊन विसरून जाणे

मालकाने उत्तर दिले की रिव्ह्यू लिहिणाऱ्याला सूचना जाते आणि त्याला आपला मजकूर बदलता येतो. मालकालाही आपले उत्तर बदलता येते. त्या बाई आठवड्याभराने ब्लाउज घेऊन आल्या, तो सैल करून नेला आणि काही दिवसांनी रिव्ह्यू तीन ताऱ्यांचा झाला. त्यात उशिराचे वाक्य कायम होते, ते योग्यच होते. पैशांचे आणि फसवणुकीचे वाक्य मात्र गेले होते. आता आमच्या उत्तरात अशा आरोपांना नकार होता, जे आरोप वर कुठेच उरले नव्हते, आणि नव्या वाचकाला ते विचित्र वाटले असते. बहिणीने दराची आणि फसवणुकीची वाक्ये काढली, उशिराची क्षमा तशीच ठेवली आणि खाली "आपण ब्लाउज घेऊन आलात, आभारी आहोत" एवढे जोडले.