हजार रुपयांत वीस मुलांची रिटर्न गिफ्ट्स कशी बसवायची

लेकीचा सहावा वाढदिवस, वीस मुलं येणार आणि रिटर्न गिफ्टसाठी माझ्याकडे मोजून हजार रुपये. तुम्ही म्हणाल वीस मुलं म्हणजे प्रत्येकी पन्नास, झालं की. पण पहिली चूक इथेच होते.

वस्तू वीस नाही, चोवीस घ्यायच्या. एकतर होलसेलवाले डझनावर देतात, आणि दुसरं म्हणजे कोणीतरी धाकट्या भावाला घेऊन येतंच, त्याला रिकाम्या हाती पाठवलं तर तो दारातच भोकाड पसरतो. शिवाय बर्थडे गर्ललाही एक हवंच असतं, तिचं धरायला आपण हमखास विसरतो. म्हणजे हजार भागिले चोवीस, साधारण एकेचाळीस रुपये, आणि त्यातच पिशवी.

आता एकेचाळीसमध्ये काय येतं? पाच फुटकळ वस्तूंची भरलेली पिशवी येते, म्हणजे शिट्टी, प्लॅस्टिकची अंगठी, भिंगरी, दोन चॉकलेटं वगैरे, दिसायला भरगच्च पण दुसऱ्या दिवशी अर्ध्या वस्तू सोफ्याखाली. मी दोन वर्षं तेच केलं, आता नाही करत. एक किंवा दोनच वस्तू, पण वापरल्या जाणाऱ्या. आणि हो, शिट्टी कोणालाही देऊ नका, त्या मुलाची आई तुम्हाला वर्षभर विसरणार नाही. लहान भावंडं येणार असतील तर बटण सेलवाली लाइटची खेळणीही नकोत, तो सेल गिळला तर घशात, अन्ननलिकेत भाजतं, फार वाईट प्रकार असतो.

मी ठरवलं चित्रं रंगवायचं पातळ पुस्तक आणि बारा खडूंची डबी. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक, स्टेशनरीची दुकानं एकाला एक लागून आहेत. गाडी मात्र नेऊ नका, लावायला जागा शोधण्यातच सकाळ जाते. दुकानात गेल्यावर "एक केवढ्याला" असं विचारायचं नाही, "दोन डझन घेतले तर काय लावाल" असं विचारायचं, भाव तिथेच बदलतो. आणि तीन दुकानं फिरल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

खडू घेताना एक डबी उघडून मागा. पांढऱ्या कागदावर पिवळा आणि आकाशी घासून बघा, गडद रंग सगळ्यांचेच बरे उठतात, खरी परीक्षा फिक्यांची. नुसती चकाकी आली, दाबल्यावर भुगा पडला पण रंग उठलाच नाही तर ते खडू म्हणजे मेणबत्ती समजा. मी पहिल्या दुकानात हे केलं, दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या डबीत दोन खडू मोडलेले निघाले ते पण तेव्हाच कळलं.

पुस्तकं सगळी एकाच चित्राची घ्या, निदान कव्हर तरी एकच. गाडीवालं मुलांना आणि परीवालं मुलींना असं केलंत की एखादी मुलगी गाडी मागते, गाड्या संपलेल्या असतात आणि मग तुम्ही केक कापायचा सोडून भांडणं सोडवत बसता.

पिशव्या सगळ्यात शेवटी, पुस्तक हातात घेऊन घ्या. गेल्या वर्षी मी पिशव्या आधी घेतल्या, स्वस्त मिळाल्या म्हणून, आणि घरी आल्यावर पुस्तक आत जाईना!! शेवटी रात्री बसून वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवल्या, खळ हाताला, केसाला, सगळीकडे.

हिशोब असा झाला: पुस्तकं १९० रुपये डझन, म्हणजे ३८०. खडू २०० डझन, म्हणजे ४००. खाकी कागदी पिशव्यांचा पन्नासचा गठ्ठा १३०. एकूण ९१०, उरलेल्या नव्वदात येण्याजाण्याचा खर्च निघाला आणि एक उसाचा रस. भाव दुकानागणिक इकडेतिकडे होतील, पण अंदाज येईल. ऑनलाइन मागवणार असाल तर "२४ पीस" नीट वाचा, कधीकधी त्यात बारा पुस्तकं आणि बारा खडूच्या डब्या मोजलेल्या असतात, म्हणजे मुलं फक्त बाराच. साइज सेंटीमीटरमध्ये असते ती पट्टीवर मोजून बघा, फोटोत सगळंच मोठं दिसतं.

आदल्या रात्री पिशव्यांवर नावं लिहिली, तीन बिननावाच्या ठेवल्या, एक लेकीची बाजूला काढली आणि बाकी सगळ्या कपाटात वरच्या फळीवर. वाटायच्या दारात, चप्पल घालताना. आधी दिल्या तर तिथेच डब्या उघडतात आणि भिंतीवर चित्रकला सुरू होते. यंदा वीसपैकी एकोणीस आले आणि दोन धाकटी भावंडं, म्हणजे बिननावाची एकच पिशवी उरली. न आलेल्याची सोमवारी शाळेच्या गेटवर दिली.