छाती ३८, मग टी-शर्ट एस घ्यायचा की एम?

गणपती जवळ आले की बेळगावात गल्लीगल्लीतून मंडळाच्या टी-शर्टांची यादी फिरू लागते. पोरं नावापुढे ‘एल’ लिहून मोकळी होतात, थोरली मंडळी ‘अडतीस’, ‘चाळीस’ असं सांगतात. यादी करणारा आकड्यांची अक्षरं करतो आणि तिथंच घोळ होतो, कारण तो आकडा अंगाचा की कपड्याचा, हे कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आधी अंगाचं माप घ्या. टेप काखेखालून, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून न्या. पाठीमागे ती खाली घसरू देऊ नका. हात खाली सोडलेले असावेत. छाती फुगवून उभे राहणारे हमखास भेटतात. त्यांना काहीतरी बोलायला लावा आणि मग आकडा वाचा.

आता दुकानदाराकडचा तक्ता मागा. आपल्याकडे साधारण दोन तऱ्हेचे तक्ते दिसतात. एकात एक्सएस ३४ पासून सुरू होतो आणि दर पायरीला दोन इंच वाढत ट्रिपल एक्सएल ४६ वर जातो. त्यात ३८ म्हणजे एम. दुसरा ३६ पासून ४८ पर्यंत जातो आणि त्यात ३८ म्हणजे एस. पहिला बहुतेक वेळा अंगाचं माप सांगतो, दुसरा तयार कपड्याचं. पण यावर विसंबू नका, खात्री करून घ्या.

खात्री सोपी आहे. नमुन्याचा एम टी-शर्ट टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या काढा आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत मोजा. २० इंच भरले तर दुप्पट ४०. गोल गळ्याच्या टी-शर्टाला अंगापेक्षा दोनेक इंच सैलपणा पुरतो, म्हणजे ३८ छातीला हाच एम बरोबर. दुसऱ्या तक्त्यात ३८ बघून एस मागवला असता, तर कपडा अंगाएवढाच आला असता आणि ढोल वाजवताना काखेत ताणला असता.

शर्टाचा नंबर इथं आणू नका. शर्टाचं कापड टी-शर्टासारखं ताणत नाही, त्याला चार इंच किंवा जास्तच सैलपणा लागतो. शिवाय फॉर्मल शर्टाच्या कॉलरवरचा ३८, ३९, ४० हा आकडा बऱ्याचदा गळ्याचा, तोही सेंटिमीटरमधला असतो. ३९ सारखा विषम आकडा आला तो त्यामुळेच.

डबल आणि ट्रिपल एक्सएलवाल्यांचं पोटही मोजा. टी-शर्ट खालपर्यंत सरळ असतो, त्यामुळे छाती ४२ आणि पोट ४५ असेल तर हिशोब ४५ चा धरायचा: कपडा ४७ च्या आसपास हवा, म्हणजे दुसऱ्या तक्त्यात ट्रिपल एक्सएल. अशा वेळी खांदे थोडे उतरणार, हे काकांना आधीच सांगून ठेवा.