दुसरं कडवं अडत होतं, ते असं सुटलं

गाण्यातल्या गोष्टीचा सारांश असा: वडील गेल्यावर मुलीला त्यांनी लिहिलेली, पण कधीच न पाठवलेली पत्रं सापडतात. गाण्याच्या आराखड्यात दुसरं कडवं पहिल्यातलंच दुःख पुन्हा सांगत होतं. दोन्हींची अदलाबदल केली तरी फरक पडत नव्हता.

मग प्रत्येक कडव्यापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: काय घडतं आणि कोणती भावना. पहिल्यात मुलगी वडिलांची पेटी आवरायला घेते, मनात रुसवा. दुसऱ्यात पत्रं सापडतात, सगळी तिच्याच नावची, अपराधी वाटतं. तिसऱ्यात ती उत्तर लिहायला बसते, तिथे माया. गोष्टीतलं भावंडांचं भांडण मात्र वगळलं, त्याने कथेला फाटे फुटत होते.

ध्रुवपद ‘पत्र आलंच नाही’ तसंच ठेवलं. पहिल्यांदा ती तक्रार वाटते, दुसऱ्या कडव्यानंतर हळहळ. आता कडवी हलवली की गोष्टच मोडते.