मोठ्याने सांगा, प्रश्न लिहून ठेवा : पहिल्या महायुद्धाच्या धड्याची तयारी

पहिल्या महायुद्धाची कारणं हा धडा वाचताना सोपा वाटतो आणि उत्तर लिहायला बसलं की अडतो. साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, निर्वाणीचा खलिता, सैन्याची जमवाजमव, युद्धाची घोषणा हे सगळं पुस्तकात ओळीने येतं आणि वाचताना आपण ते 'आणि मग' असं जोडत जातो. परीक्षेत मात्र 'म्हणून' विचारतात. तो आपल्याला खरंच कळला आहे का, हे मनातल्या मनात तपासणं अवघड आहे, कारण आपलं मन गाळलेल्या जागा स्वतःच भरतं. समोर बसलेला वर्गमित्र त्या भरत नाही. तो तिथेच अडतो आणि विचारतो.

सगळा धडा एका बैठकीत घेऊ नका. २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ एवढाच तुकडा घ्या. पाच-साडेपाच आठवड्यांचा हा काळ सगळ्यात गुंतागुंतीचा आहे. तो दोनदा वाचा आणि अर्ध्या कागदावर फक्त तारखा व देशांची नावं लिहा. पूर्ण वाक्य एकही नको, नाहीतर सांगण्याऐवजी वाचणं सुरू होतं. पुस्तक बंद करून दहा-बारा मिनिटं बोला. ऐकणाऱ्याने हा भाग अजून वाचलेला नसेल तर उत्तम. त्याच्या हातात वही-पेन द्या आणि एकच काम सांगा: जिथे 'असं का?' वाटेल तिथे प्रश्न लिहायचा, त्याच्याच शब्दांत, आणि त्या वेळी कोणती तारीख चालू होती ते शेजारी टिपायचं. मधे थांबवलं तरी चालेल, पण सांगणाऱ्याने तिथल्या तिथे अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. आत्मविश्वासाने ठोकून दिलेला अंदाज दोघांच्याही डोक्यात तथ्य म्हणून बसतो आणि नंतर निघता निघत नाही. 'माहीत नाही, लिही' एवढंच म्हणा.

प्रश्न सुधारून, पुस्तकी भाषेत लिहायचा मोहही टाळा. 'अरे, खून ऑस्ट्रियाच्या युवराजाचा, मग मार बेल्जियमला का?' हा प्रश्न असाच वहीत राहू द्या. त्याचं 'बेल्जियमवरील आक्रमणाची कारणे लिहा' असं केलंत की आपण नेमका कोणता धागा सोडला ते त्यातून पुसलं जातं.

आता अशा वहीत हमखास येणारे तीन प्रश्न पाहू.

पहिला: 'खून बोस्नियात झाला, मारणाराही बोस्नियातलाच, मग खलिता सर्बियाला कसा?' याचं उत्तर १९१४ मध्ये शोधून पुरत नाही. बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीने १९०८ मध्ये आपल्या साम्राज्याला अधिकृतपणे जोडून घेतला होता आणि तिथल्या सर्बांना सर्बियाबद्दल ओढ होती. खून करणारा गाव्रिलो प्रिन्सिप बोस्नियातला सर्ब होता. त्याच्या गटाला शस्त्रं सर्बियातून मिळाली होती. म्हणून ऑस्ट्रियाने सर्बियाला जबाबदार धरलं आणि २३ जुलैला ४८ तासांच्या मुदतीचा खलिता दिला. प्रश्न आला तो २८ जूनच्या जागी, पण सांगताना राहिली ती सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुढच्या वेळी सांगण्याची सुरुवात १९०८ पासून करायची, हे या एका प्रश्नातून कळतं.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे: 'रशियाचा सर्बियाशी कोणता करार होता?' बहुतेक जण 'देश करारांनी बांधलेले होते, म्हणून एकामागून एक ओढले गेले' असं सरसकट सांगतात. इथे ते वाक्य टिकत नाही. सर्बियाच्या बाजूने लढलंच पाहिजे असा कोणताही करार रशियावर बंधनकारक नव्हता. स्लाव लोकांचा पाठीराखा म्हणून असलेली प्रतिमा आणि बाल्कन प्रदेशातला आपला प्रभाव जपण्याची गरज, यामुळे रशिया पुढे आला. करार होते ते जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा १८७९ पासूनचा, आणि फ्रान्स-रशियाचा १८९४ पासूनचा. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या बाजूला इटलीही १८८२ मध्ये आली होती, तरी १९१४ मध्ये ती तटस्थ राहिली, कारण तिच्या मते तो करार बचावापुरता होता आणि इथे हल्ला ऑस्ट्रियाने केला होता. म्हणजे 'करार' हा शब्द तीन ठिकाणी तीन वेगळ्या अर्थांनी वापरावा लागतो. वाचताना हे लक्षातच येत नाही. कुणीतरी 'कोणता?' असं विचारावं लागतं.

तिसरा प्रश्न बेल्जियमचा. त्याचं उत्तर लष्करी आराखड्यात आहे. दोन्ही बाजूंना शत्रू असल्याने जर्मनीने ठरवलं होतं की आधी पश्चिमेकडे फ्रान्सला सुमारे सहा आठवड्यांत हरवायचं आणि मग रशियाकडे वळायचं. हे सगळं रशियाला सैन्य गोळा करायला वेळ लागेल या हिशोबावर उभं होतं. ३० जुलैला रशियाने सर्वत्र जमवाजमवीचा आदेश दिला आणि जर्मनीच्या दृष्टीने घड्याळ चालू झालं. १ ऑगस्टला तिने रशियाविरुद्ध आणि ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. फ्रान्सच्या सरहद्दीवरचे किल्ले टाळण्यासाठी वाट बेल्जियममधून होती, म्हणून ४ ऑगस्टला सैन्य तिथे शिरलं. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा १८३९ चा करार ब्रिटनने पुढे केला आणि त्याच दिवशी तोही युद्धात उतरला. ही साखळी अडखळत का होईना, पुस्तकाशिवाय सांगता आली की धड्याचा सर्वांत अवघड भाग हाती आला.

बैठक संपल्यावर दोघांनी पुस्तक उघडून प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची. उत्तर पुस्तकात आहे पण सांगायचं राहिलं, त्याला एक खूण. आपण सांगितलं ते चुकीचं किंवा अर्धवट होतं, त्याला दुसरी. पुस्तकच गप्प आहे, त्याला तिसरी, आणि ते प्रश्न शिक्षकांकडे न्यायचे. दुसऱ्या खुणेचे प्रश्न आधी सोडवा, कारण चुकीचा दुवा गाळलेल्या दुव्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

वही कोरी राहिली तर धडा पक्का झाला असं समजू नका. बहुधा ऐकणारा नुसती मान डोलवत होता, किंवा त्यालाही धडा येत असल्याने गाळलेलं तो स्वतः भरत होता. मग त्याला सांगा, 'मी आत्ता जे बोललो ते तू दोन मिनिटांत सांग.' तो जिथे 'आणि मग...' म्हणून घुटमळेल, तिथे तुमचा दुवा सुटला आहे. उलट वहीत 'तारीख कोणती?', 'राजधानी कोणती?' असे तोंडी परीक्षेचे प्रश्न भरले असतील, तर तो ऐकत नव्हता, परीक्षा घेत होता. तारखांसाठी ही पद्धत तशीही फारशी उपयोगाची नाही, त्या वेगळ्या पाठ कराव्या लागतात. युद्धाला मुख्य जबाबदार कोण, यासारख्या प्रश्नावर इतिहासकारांतच मतभेद आहेत. तिथे दोघांनी वाद मिटवण्याऐवजी दोन्ही बाजूंचे मुद्दे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

दोन-तीन दिवसांनी तोच तुकडा पुन्हा सांगा, शक्यतो दुसऱ्या वर्गमित्राला, आणि जुनी वही त्याला दाखवू नका. त्याच जागी तोच प्रश्न पुन्हा आला, तर उत्तर तुम्हाला माहीत झालं आहे, पण ते अजून तुमच्या सांगण्यात आलेलं नाही. नवे प्रश्न आले तर ते जुन्या यादीखाली, वेगळ्या शाईने लिहा. दीर्घोत्तरी प्रश्नाची तयारी करताना हीच यादी तारखेच्या क्रमाने लावा आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराचा एक परिच्छेद करा.