पुनर्विकासाचा प्रस्ताव सभासदांना समजावताना या चुका टाळा

सभेत प्रोजेक्टर लावून फिजिबिलिटी रिपोर्ट वाचून दाखवू नका. एफएसआय, टीडीआर सुरू झालं की मागच्या रांगा गप्प होतात आणि कमिटीला वाटतं, सगळ्यांना पटलं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टक्क्यांमुळे. मुंबईतल्या एका सोसायटीत सेक्रेटरींनी 'प्रत्येकाला पस्तीस टक्के जास्त' असं जाहीर केलं. टाळ्याही पडल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या विचारत राहिल्या, "म्हणजे माझी खोली केवढी होणार?" त्यांना 'नंतर सांगतो' म्हणून बसवलं. पुढे नकाशे आले तेव्हा सगळेच चिडले, कारण हिशेब असा होता. जुनं घर 400 चौरस फूट, तेही खोल्यांच्या आतून मोजलेलं. त्यावर 35 टक्के म्हणजे 540. पण हे 540 रेरा कार्पेट होतं, आणि त्यात घरातल्या मधल्या भिंतींची जागाही धरतात. भिंतींना 20 फूट गेले की वापरायला उरतात 520. म्हणजे वाढ खरी तीसच टक्के. फसवणूक कुणी केली नव्हती, पण त्यानंतर कमिटीच्या कुठल्याच शब्दावर कुणी विश्वास ठेवेना.

मी टक्के तोंडातून काढतच नाही. सभेआधी आवारात खडूने नव्या घराच्या खोल्या खऱ्या मापात आखतो आणि लोकांना त्यात उभं करतो. पलंग कुठे, कपाट कुठे, हे त्यांचं त्यांना दिसतं. याला अर्धा दिवस जातो. तेवढाही वेळ नसलेल्यांनी लोकांकडून संमतीपत्रं मागू नयेत.

दुसरी चूक म्हणजे 'बांधकाम चालू असताना बिल्डर देतो ते भाडं थांबलं तर?' या प्रश्नाला 'बिल्डर मोठा आहे' असं उत्तर देणं. हे उत्तरच नाही. पुढच्या तारखांचे चेक मिळणार, हेही अर्धंच उत्तर, कारण खात्यात पैसे नसले की चेक परत येतो. महाराष्ट्र शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटीची तरतूद आहे. ती अशी सांगा: "बिल्डरने करार मोडला, तर सोसायटी बँकेकडे लेखी मागणी करेल आणि बँक गॅरंटीच्या मर्यादेपर्यंत पैसे देईल. ते आपोआप दर महिन्याला येणार नाहीत. गॅरंटीला मुदत असते. ती संपण्याआधी वाढवून घ्यावी लागते, आणि ते काम कमिटीतल्या अमुक माणसाचं." त्या माणसाला तिथेच उभं करा. चेहरा दिसला की निम्मे प्रश्न थांबतात.

शंका विचारणाऱ्याला 'विरोधक' म्हणू नका.

उत्तर माहीत नसेल तर प्रश्न वहीत उतरवा आणि कोणत्या तारखेला उत्तर देणार ते सांगा. दिलेलं प्रत्येक उत्तर इतिवृत्तात घ्या, आणि विकास कराराचा मसुदा आला की त्यात ते कोणत्या कलमात आहे ते सभासदांना बोट ठेवून दाखवा. कलमात सापडलं नाही, तर मसुदा दुरुस्त होईपर्यंत सही थांबवा.