पावसाळ्यात बदकांचं खाद्य आधी हुंगून बघा

खाचरात किंवा मत्स्यतळ्यावर सोडलेली बदकं दिवसभर गोगलगायी, किडे टिपतात, तरी संध्याकाळी त्यांना कणी-कोंडा, भरडा द्यावा लागतोच. कोकणच्या दमट हवेत त्या खाद्याला, विशेषतः मका आणि शेंगदाणा पेंडीला, पटकन बुरशी धरते. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर बाधतं: खाणं सुटतं, चाल लंगडते, पिल्लं भराभर मरतात. त्यावर उतारा नाही. ‘खराब झालेलं बदकांना चालतं’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. आठवडाभर पुरेल एवढंच खाद्य आणा, पोतं फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. कुबट वास आला किंवा गुठळ्या दिसल्या, तर ते तळ्यातही टाकू नका, माशांनाही बाधतं, पुरून टाका. खुराड्यातली तुसं ओली झाली की लगेच बदला, बुरशी तिथेही धरते.