विणलेले लेबल, भरतकामाचा पॅच आणि छापील नेक टॅग: मॉकअपमध्ये हे तपशील खरे कसे दिसतील

टी-शर्टच्या मॉकअपमध्ये लोगोवर धाग्यांचा एक तयार पोत पसरायचा, त्याला Bevel & Emboss लावायचे आणि खाली मोठी सावली टाकायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्या पद्धतीने केलेला पॅच रबराचा दिसतो आणि लेबल कागदी स्टिकरसारखे. हे तिन्ही तपशील वेगवेगळ्या यंत्रांवर तयार होतात, त्यामुळे चित्रातही तिघांची घडण वेगळी दिसायला हवी. येथे फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर यांचे जुजबी ज्ञान आणि टी-शर्टचा एक चांगला फोटो हाताशी आहे असे मी गृहीत धरतो.

प्रमाण ठरवा

सर्वप्रथम एका मिलिमीटरला किती पिक्सेल मिळतात हे काढा. छातीची रुंदी ५६ सें.मी. असलेला टी-शर्ट फोटोत २८०० पिक्सेल व्यापत असेल, तर एका मिलिमीटरला पाच पिक्सेल येतात. भरतकामाचा नेहमीचा धागा साधारण ०.४ मि.मी. जाड दिसतो, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल. अशा पूर्ण फोटोत धागे सुटे दिसूच शकत नाहीत, आणि दिसत असतील तर ते दोरखंडाएवढे जाड झालेले असतात. तपशिलासाठी जवळून काढलेला वेगळा फोटो घ्या आणि मिलिमीटरला २५ पिक्सेल हे प्रमाण ठेवा. मग धागा दहा पिक्सेलचा होतो. पुढची सर्व मापे याच प्रमाणाची आहेत.

विणलेले लेबल

५० × १५ मि.मी.चे, दोन्ही टोके आत दुमडलेले लेबल म्हणजे १२५० × ३७५ पिक्सेलचा आयत. लेबलवरचे अक्षर मागाच्या उभ्या-आडव्या धाग्यांतूनच उमटते, म्हणून तिरप्या रेषा आणि वळणे यांच्या कडांना बारीक पायऱ्या हव्यात. रंग सपाट ठेवा. एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारी छटा अशा साध्या लेबलवर शोभत नाही आणि मिळतही नाही. देवनागरी नाव असेल तर अनुस्वार आणि मात्रा आधी तपासा. लहान आकारात विणताना अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, म्हणून मात्रा सोडून अक्षराची उंची मी चार मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. शेवटी दोन्ही टोकांशी शिलाईची एकेक ओळ दाखवा. टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा असतो आणि त्याखाली लेबल किंचित दबते.

छापील नेक टॅग

टी-शर्टच्या आत, मागच्या बाजूला, गळ्याच्या रिबखाली साधारण दोन ते तीन सेंटिमीटरवर एका रंगात साइज, कापडाचा घटक आणि धुण्याच्या खुणा ठेवा. शाईचा थर Multiply मध्ये, पण पांढऱ्या शाईचा Normal मध्ये, आणि बेव्हल किंवा सावली अजिबात नको. पांढऱ्या, पातळ टी-शर्टवर काळा टॅग दाखवू नका, कारण तो बाहेरून मानेखाली दिसतो; तेथे फिका राखाडीच योग्य.

भरतकामाचा पॅच

सगळी मेहनत येथे आहे. पॅचची चमक रंगातून येत नाही, ती धाग्याच्या दिशेतून येते. तोच लाल धागा उभा भरला तर एका जागी उजळतो, आडवा भरला तर दुसऱ्या जागी. म्हणून संपूर्ण लोगोवर एकाच दिशेचा पोत टाकणे ही मूळ चूक आहे, आणि ती नंतर कोणत्याही इफेक्टने झाकता येत नाही.

उदाहरणासाठी ७० मि.मी. व्यासाचा गोल पॅच घेऊ: ट्विलच्या पायावर ‘रान’ हा शब्द, अक्षरांची उंची २४ मि.मी., रेषांची जाडी ४ मि.मी. आणि प्रकाश वरून. साधारण एक ते सात मिलिमीटर रुंदीची रेषा सॅटिन टाक्याने भरतात, म्हणजे धागा रेषेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा जातो आणि मध्ये थोडा फुगतो. त्यामुळे काना आणि ‘न’चा दंड यांतले धागे आडवे असतात, तर शिरोरेषेतले उभे. ‘र’च्या वळणात ते चाकाच्या आऱ्यांसारखे हळूहळू फिरत जातात.

हे फोटोशॉपमध्ये हाताने वाकवत बसू नका. इलस्ट्रेटरमध्ये एका धाग्याचा लहानसा उभा तुकडा काढा, त्याचा मधला भाग उजळ आणि दोन्ही कडा गडद ठेवा, आणि त्यापासून Pattern Brush तयार करा. मग अक्षराच्या बाह्यरेषेऐवजी मध्यरेषेवर तो ब्रश चालवा. धागे प्रत्येक ठिकाणी रेषेला काटकोनात आपोआप बसतात. शिरोरेषा, काना, दंड आणि वळण यांचे थर वेगळे ठेवा, कारण प्रत्येकाचा उजेड वेगळा आहे. हे थर वेगळे न ठेवता पुढे जाणाऱ्याला सगळे काम पुन्हा करावे लागते.

आता उजेड. प्रकाश वरून असल्यामुळे शिरोरेषेच्या फुगवट्याची वरची बाजू चमकते आणि खालची कड काळवंडते. काना आणि दंड यांत मात्र चमक रुंदीच्या मध्यावरून वरपासून खालपर्यंत सलग जाते आणि दोन्ही कडा सारख्याच मंद राहतात. हे उजळ पट्टे मऊ ब्रशने Screen मध्ये टाका आणि त्या-त्या थराला Clipping Mask ने बांधा. शिरोरेषा सहसा दंडांच्या टोकांवरून शेवटी भरतात, म्हणून तिच्या खालच्या कडेला, दंड मिळतात तेथे, चार-पाच पिक्सेलची गडद रेघ हवी. अक्षरांचे कोपरेही थोडे गोल करा, कारण धागा ताणला गेल्यावर टोकदार कोपरा उरत नाही.

कडेचा जाड मेरो बॉर्डर तीन ते चार मिलिमीटरचा असतो आणि त्याचे धागे कडेला काटकोनात गुंडाळलेले असतात. पॅच खरा वाटतो की नाही हे मी याच बॉर्डरवर तपासतो. प्रकाश वरून असेल तर वर्तुळाच्या माथ्याशी चमक बाहेरच्या बाजूला, डाव्या-उजव्या बाजूंना पट्टीच्या मध्यावर आणि तळाशी आतल्या बाजूला असली पाहिजे. चमक सगळीकडे एकाच जागी फिरत राहिली तर डोळ्याला लगेच खोटेपणा जाणवतो. आत वळणाऱ्या खाचा किंवा टोकदार कोन असलेल्या आकाराला मेरो बॉर्डर दाखवू नका. तो साध्या, बाहेर फुगणाऱ्या आकारांसाठीच आहे. इतर आकारांना सॅटिनची कड भरून पॅच त्याच रेषेवर कापतात.

ट्विलचा पाया चमकवू नका. त्यावर फक्त बारीक तिरप्या रेघा आणि मंद उजेड ठेवा, म्हणजे धागे आपोआप उठून दिसतात.

कापडावर बसवणे

पॅचची सावली कडेला चिकटलेली आणि २० ते २५ पिक्सेलपेक्षा रुंद नको. त्याहून मोठी सावली पॅचला हवेत तरंगवते. कापडाच्या सुरकुत्या लेबल आणि नेक टॅग यांच्यात Displace ने उतरवा, पण पॅचमध्ये नाही. पॅच ताठ असतो. सुरकुती त्याच्या कडेशी येऊन थांबते किंवा त्याला बाजूने वळसा घालते, आणि फोटोत ती मधूनच जात असेल तर पॅचची जागा बदलणे हाच उपाय आहे.

कारखान्याला पाठवताना चित्रासोबत प्रत्येक तपशिलाचे मिलिमीटरमधील माप, लेबलच्या घडीचा प्रकार आणि पॅचच्या कडेचा प्रकार लिहून द्या. छपाईचा रंग पँटोन क्रमांकाने सांगा, पण भरतकामाचा रंग कारखान्याच्या धाग्यांच्या शेड कार्डावरून निवडा, कारण पडद्यावर जुळलेली छटा चकाकणाऱ्या धाग्यात वेगळी दिसते.